हिरवा खाना, पण सर्टिफिकेट संपलेलं

बुटीबोरी एमआयडीसी, नागपूर. प्रेशर व्हेसल बनवणारं एक फॅब्रिकेशन शॉप. ऑफिसच्या भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावलंय, डावीकडे वेल्डरांची नावं, वर प्रोसेस, आणि टिग वेल्डिंगच्या कॉलममध्ये तीन हिरवे खाने. कामाला टिगवाले दोन लागतात, म्हणजे एक जास्तच आहे असं वाटतं ना?

इथंच गडबड आहे. एएसएमई कोडच्या सेक्शन नाइनप्रमाणे वेल्डरच्या क्वालिफिकेशनवर ठरलेली शेवटची तारीख छापलेली नसते, त्या प्रोसेसवर 6 महिने वेल्डिंग केलं नाही की ते संपतं. माणूस रोज स्टिक वेल्डिंगवर राबत असला तरी त्यानं टिगचं चालू राहत नाही, दोन्हीचा हिशोब वेगळा. त्यामुळे मॅट्रिक्समध्ये सर्टिफिकेट मिळाल्याची तारीख टाकून ठेवली की खाना वर्षानुवर्षं हिरवाच दिसतो. तिथं शेवटचं टिग वेल्डिंग कधी केलं ती तारीख पाहिजे, आणि ती जॉब कार्डावरून दर महिन्याला भरायची. मग एक्सेलमध्ये एवढंच:

```
=EDATE(D2,6)-TODAY()
```

D2 मध्ये ती तारीख, उत्तर म्हणजे उरलेले दिवस.

आता समजा आज 20 जून आहे आणि ऑडिट ऑगस्टमध्ये. पहिल्या वेल्डरनं मागच्याच आठवड्यात टिग केलं, त्याची काळजी नाही. दुसऱ्याचं शेवटचं टिग 10 जानेवारीचं, हातात 20 दिवस. त्याला याच महिन्यात एका चालू जॉबवर टिगचा जॉइंट द्यायचा, कंटिन्युइटी लॉगमध्ये जॉब नंबर आणि सुपरवायझरची सही घ्यायची, झालं, तारीख डिसेंबरपर्यंत गेली, खर्च जवळपास शून्य. तिसऱ्याचं शेवटचं 5 डिसेंबरचं, म्हणजे 5 जूनलाच संपलं. त्याला टेस्ट कूपन वेल्ड करावं लागेल, बेंड टेस्ट किंवा रेडिओग्राफीत पास व्हावं लागेल, आणि तोवर त्याला कोडच्या टिग जॉबवर लावायचं नाही. भिंतीवर तीन, पण आजच्या घडीला ऑगस्टपर्यंत पक्का एकच, आणि ऑडिटर आधी तो लॉगच मागतो हे लक्षात ठेवा भाऊ.

म्हणून सगळ्यांना सारखाच 30 दिवसांचा अलर्ट लावणं मला पटत नाही. वेल्डरला 60 दिवस पुरतात, तेवढ्यात त्याच्यासाठी टिगचा एखादा जॉब निघतोच. वेल्ड न तोडता तपासणाऱ्या एनडीटीवाल्याचं तसं नाही. आयएसओ 9712 चं सर्टिफिकेट 5 वर्षांचं, पुढे रिन्युअलची कागदपत्रं, डोळ्यांची तपासणी, फी, कधी परीक्षासुद्धा, त्याला 6 महिने आधी आठवण यायला हवी. आणि ते मे महिन्यात संपणार असेल तर पैसे मार्चआधीच बाजूला काढावे लागतात, कारण एप्रिलचं नवं बजेट मंजूर होऊन हातात येईपर्यंत फी भरायची वेळ निघून गेलेली असते.