घरं 600, माहिती 207 घरांची

बसा बसा, मागे पंखा लागत नसेल तर पुढं सरका. तर विषय सॅम्पलिंगचा आहे, आणि मी त्यातली एकच गोष्ट सांगणार, कारण फील्डवर सगळ्यात जास्त गंडतं ते इथंच.

समजा आपल्याला कोल्हापूर जिल्ह्यात सर्व्हे करायचाय. प्रश्न साधा, घरी दुभतं जनावर आहे का. सँपल 600 घरांचा. आता जिल्ह्यातल्या सगळ्या घरांची यादी करून त्यातनं चिठ्ठ्या टाकून 600 घरं काढली तर एक घर चंदगडला, एक शिरोळला, तिसरं गगनबावड्याच्या कुठल्यातरी वाडीत, म्हणजे डिझेलचाच खर्च निघायचा नाही, शिवाय अशी घरांची यादी मुळात कुणाकडं नसतेच. मग आपण काय करतो, आधी 30 गावं निवडतो, मोठ्या गावाला लोकसंख्येच्या प्रमाणात जास्त संधी देतो, निवडलेल्या गावात घरांची यादी करतो आणि प्रत्येक गावात 20 घरं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही ह्याच धर्तीवर चालतं, तिथं एका क्लस्टरमागं, म्हणजे निवडलेल्या गाव-वस्तीमागं, 22 घरं घेतात. पद्धत बरोबरच आहे. लोचा होतो तो नंतर, एरर काढताना, म्हणजे आपलं उत्तर खऱ्या आकड्यापासनं किती इकडंतिकडं असू शकतं ते सांगताना.

पुस्तकातला फॉर्म्युला लावला, उत्तर 50 टक्के आलं असं धरलं, तर 600 घरांवर एरर येतो अधिक-उणे 4 टक्के. रिपोर्टात तोच छापतात. पण हा फॉर्म्युला प्रत्येक घर स्वतंत्रपणे निवडलंय असं धरून चालतो. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात हो! गावात दूध संस्था नीट चालत असेल, वैरण-पाण्याची सोय असेल, तर गल्लीभर गोठे. नसेल तर अख्ख्या गावात चार म्हशी. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो आपण, पण एकाच भांड्यातली 20 शितं चेपून बघितली तर कळतो तो त्या भांड्यातला भात, दुसऱ्याच्या चुलीवरचा नाही.

ही सारखेपणाची मात्रा मोजतात, तिला ρ म्हणतात, रो. गावात घरं कशीही मिसळलेली असतील तर 0, सगळी अगदी सारखी असतील तर 1. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश ह्यांनी 1965 साली डिझाइन इफेक्ट हा शब्द रुळवला, तो असा:

deff = 1 + (m − 1) × ρ

m म्हणजे गावातली घरं, आपली 20. जनावरांसाठी ρ 0.1 धरू, फार नाही वाटत ना? 19 गुणिले 0.1 म्हणजे 1.9, त्यात 1 मिळवला की 2.9. सँपल तेवढ्या पटीनं लहान झाल्यासारखं होतं, म्हणजे 600 भागिले 2.9, साधारण 207. तुम्ही 600 घरांचे फॉर्म भरलेत, पण माहिती 207 स्वतंत्र घरांएवढीच आहे, आणि एरर 4 नाही, जवळपास 7.

मग कुणीतरी म्हणतं, सर, प्रत्येक गावात 40 घरं घेऊ की, तिथं गेलोच आहे तर. बघा काय होतं. घरं झाली 1200, deff झाला 4.9, स्वतंत्र घरं 245. काम दुप्पट आणि कमाई 38 घरांची! आणि वाढवत गेलात तरी 30 भागिले 0.1, म्हणजे 300 च्या वर तुम्ही जाऊच शकत नाही, गावातलं प्रत्येक घर पालथं घाला. उलट त्याच 600 घरांसाठी 60 गावं आणि प्रत्येकी 10 घरं केली तर deff 1.9 आणि 316 घरांची माहिती. प्रवास वाढतो, मान्य आहे, पण पैसे टाकायचे तर नव्या गावावर टाका.

ρ प्रश्नागणिक बदलतो हे विसरू नका. घरात नळ आहे का हे विचारलं तर योजना अख्ख्या गावाला येते किंवा येत नाही, तिथं ρ 0.5 सुद्धा निघू शकतो, मग 20 घरांना deff 10.5 आणि तुमची 600 घरं 57 एवढीच. त्याच फॉर्ममध्ये गेल्या पंधरवड्यात कुणाला ताप आला होता का हा प्रश्न असेल तर तिथं ρ बहुतेक अगदी कमी निघेल. म्हणून सगळ्या रिपोर्टला एकच एरर लावणं मला तरी पटत नाही.

आपला डेटा गुच्छ्यांत अडकलाय का हे ओळखायला सॉफ्टवेअर लागत नाही. गावनिहाय टक्के काढा. घरं नीट मिसळलेली असती तर 20 घरांच्या गावांतले आकडे 50 च्या आजूबाजूला साधारण 11 चं स्टँडर्ड डेव्हिएशन ठेवून पसरले असते, म्हणजे बहुतेक गावं 28 ते 72 मध्ये. तुमच्याकडं एका गावात 10 आणि दुसऱ्यात 90 दिसायला लागलं तर समजा. आणि प्रत्येक गावातनं घेतलेल्या घरांची संख्या एकच असेल तर एररही तिथंच मिळतो: त्या 30 गावांच्या टक्क्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा, समजा 19 आलं, त्याला 30 च्या वर्गमुळानं, म्हणजे 5.5 नं भागा, साडेतीनच्या आसपास येतं, त्याची दुप्पट 7. वरचंच उत्तर, रो न काढता.

एक मात्र पोरांना बजावून सांगा. यादी न करता देवळापासनं सुरू करून ओळीनं 20 घरं घेऊ नका. एका आळीत एकाच भावकीची घरं असतात, ρ आणखी फुगतो, आणि गावाबाहेरचा धनगरवाडा तर कधी सँपलमध्ये येतच नाही. ती चूक मात्र कुठल्याच deff मध्ये दिसत नाही.