बारा खऱ्या, सहा लुटीच्या

श्रोतेहो, नमस्कार. आजची गोष्ट खानापूर तालुक्यातल्या एका आप्पांची आहे. गोष्टीतले आप्पा माझ्या कल्पनेतले, पण नोटांची हकिकत मात्र घडलेली आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर कौलं चाळायची म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा नातीला लोखंडी ट्रंकेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या नोटा सापडल्या. हिरवट रंगाच्या, कुवेतच्या, दहा-दहा दिनारच्या अठरा नोटा. ती ओरडलीच, "आप्पा, एकशेऐंशी दिनार! आजच्या भावानं पन्नास हजारांच्या आसपास होतात की ओ!"

आप्पा म्हणाले, "एक रुपायबी होत न्हाई, बाळ. बस हितं, सांगतो."

आप्पा बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर टर्नर होते. तिथून कुवेतला, शुवैखच्या एका वर्कशॉपमध्ये गेले. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि महिन्याभरात सगळं विस्कटलं. जुलैचा पगार, एकशेवीस दिनार, हातात होता. खोलीतला टीव्ही एका इराकी सैनिकानं साठ दिनारला घेतला, कोऱ्या करकरीत नोटा मोजून दिल्या. आप्पांनी अठराही नोटा पँटच्या कमरपट्टीत शिवल्या आणि बसनं बसरा, बगदाद करत जॉर्डनची सरहद्द गाठली. तिथं वाळवंटातल्या छावणीत पाण्याच्या रांगेत दिवस काढले. मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान, मुंबई, आणि मिरजेला गाडी बदलून घर. त्या वेळी अम्मानमार्गे लाखाहून जास्त भारतीय असेच परत आले.

तेव्हा एका दिनारचे सुमारे साठ रुपये व्हायचे. म्हणजे आप्पांच्या कमरेला दहा हजारांवर रक्कम होती. एवढ्यात मागच्या पडवीवर स्लॅब पडला असता. पण बँकेच्या काउंटरवर नोट सरकवली की ती तशीच परत यायची. कुवेतची मध्यवर्ती बँकच इराकच्या ताब्यात. त्या नोटेमागं उभं राहणारं कुणी उरलं नव्हतं.

१९९१ च्या फेब्रुवारीत कुवेत मोकळं झालं. इराकी सैन्यानं बँकेच्या तिजोरीतल्या, अजून बाजारातच न आलेल्या नोटांचे गठ्ठे पळवले होते. ते चलनात आले असते तर सगळा हिशेबच कोलमडला असता. म्हणून कुवेतनं २४ मार्च १९९१ ला, नक्षी तीच पण रंग बदललेल्या नव्या नोटा काढल्या. जुन्या बदलून घ्यायला ३० सप्टेंबरपर्यंत मुदत दिली. आप्पा तेव्हा पुन्हा लेथवर उभे होते. परत कुवेतला गेलेल्या सोबत्याचं पत्र आलं ते दिवाळीनंतर.

"म्हणजे मुदत चुकली म्हणून सगळ्या वाया गेल्या?" नातीनं विचारलं.

"सगळ्या न्हाईत," म्हणत आप्पांनी चष्मा मागितला.

त्या नोटांवर क्रमांकाशेजारी अपूर्णांकासारखं काहीतरी छापलेलं असतं, वर अक्षर आणि खाली मालिकेचा आकडा. दहा दिनारच्या नोटांत सत्तर ते सत्त्याऐंशी या मालिका तिजोरीतून लुटलेल्या होत्या. त्या मुदतीतसुद्धा बदलून मिळणार नव्हत्या, कारण कुवेतच्या बँकेनं त्या कधी बाहेर काढल्याच नव्हत्या. सोबत्यानं हे आकडे पत्रात लिहून पाठवले होते. नोटेवरचे आकडे अरबी, पण वर्कशॉपच्या हजेरीपत्रकावर आप्पांनी ते वर्षानुवर्षं वाचलेले. "सात म्हंजे वरनं उघडी चिमट, आणि आठ म्हंजे तीच उलटी," म्हणत ते एकेक नोट खिडकीशी धरून लावू लागले. पगाराच्या बारा नोटा, मऊ पडलेल्या, घडीवर काळवंडलेल्या. एकीचाही आकडा सत्तरला पोचत नाही. टीव्हीच्या सहा नोटांवर मात्र, सहाही नोटांवर, पहिला आकडा ती उघडी चिमट.

मला वाटतं, आप्पांचं खरं नुकसान इथं आहे. बारा नोटा मुदतीनं बुडाल्या, त्याला इलाज नव्हता. सहा नोटा हातात पडल्या त्या क्षणीच फुकट होत्या, आणि कोरेपणामुळं त्याच जास्त भरवशाच्या वाटल्या होत्या.

नात म्हणाली, "जुन्या नोटा जमवणारे घेतात ओ, विचारू का?" घेतात, पण लुटीच्या मालिकेतल्या नोटा जगभर इतक्या पसरल्या आहेत की त्यांना भाव फारसा येत नाही.

"त्या सहा कुणाला विकायच्या न्हाईत," आप्पा म्हणाले. "घेणारा फुडं कुणाला तरी दिनार म्हणून खपवंल." त्यांनी त्या सहा वेगळ्या पाकिटात घालून वर खडूनं फुली मारली. बारांपैकी एक नातीला दिली आणि उरलेल्या अकरा मोजून ट्रंकेत टाकताना म्हणाले, "ह्यो माझा जुलैचा पगार हाय, ह्यो ऱ्हाऊ दे."