टाकी रिकामी होताना

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कॉम्प्रेसरशेजारी ५०० लिटरची हवेची टाकी उभी आहे, असे समजू. उन्हाळ्यामुळे आतली हवा ४० अंश सेल्सिअसवर आहे आणि गेज ८ बार दाखवते. ६ मिलिमीटर व्यासाच्या गुळगुळीत नॉझलमधून ही हवा सोडली, तर दाब उतरायला किती वेळ लागेल?

गेज वातावरणापेक्षा जास्त असलेला दाबच दाखवते; गणिताला मात्र निरपेक्ष दाब लागतो. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असलेल्या या भागात वातावरणाचा दाब सुमारे ०.९५ बार असतो, म्हणून आतला दाब ८.९५ बार धरायचा. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे १.९ पटींहून जास्त असेपर्यंत नॉझलच्या गळ्याशी हवा तिथल्या ध्वनिवेगाने वाहते, म्हणजेच प्रवाह चोक झालेला असतो. बाहेरचा दाब आणखी कमी केला तरी हवा जास्त वेगाने निघत नाही. प्रवाह केवळ टाकीतल्या दाबावर आणि तापमानावर ठरतो.

आत उरलेली हवा प्रसरण पावते आणि थंड होते. टाकीच्या भिंतीकडून तिला मुळीच उष्णता मिळत नाही, असे मानले की आयसेंट्रॉपिक प्रारूप तयार होते आणि हवेसाठी वेळेचे सूत्र असे येते:

t = 5τ[(P0/P)^(1/7) − 1]

यातील P0 हा सुरुवातीचा आणि P हा t इतक्या वेळानंतर उरलेला निरपेक्ष दाब. τ हा टाकीचे आकारमान, नॉझलचे क्षेत्रफळ आणि सुरुवातीच्या तापमानातील ध्वनिवेग यांवरून निघतो. आपल्या टाकीसाठी तो सुमारे ८६ सेकंद आहे. चोक अवस्था १.८ बार निरपेक्ष दाबाला संपते आणि तिथवर पोहोचायला सुमारे १११ सेकंद लागतात.

याच प्रारूपानुसार तेव्हा आतली हवा उणे ७५ अंशांवर असायला हवी, आणि इथेच शंका घ्यावी. पोलादी भिंत इतका वेळ ४० अंशांच्या आसपास असताना हवेला ऊब देणारच. उलट टोकाला तापमान मुळीच बदलत नाही असे धरले, तर तोच प्रवास १३८ सेकंदांचा होतो. खरा वेळ या दोहोंच्या मध्ये असतो, आणि छिद्र जितके लहान, तितका तो दुसऱ्या आकड्याकडे सरकतो.

मात्र घड्याळात १३९ सेकंद भरले म्हणून भिंतीची ऊब सिद्ध होत नाही. गुळगुळीत नॉझलऐवजी धारदार कडांचे छिद्र असेल आणि त्याचा प्रवाह गुणांक ०.८ असेल, म्हणजे आदर्श प्रवाहाच्या ०.८ पटच हवा त्यातून निघत असेल, तर आयसेंट्रॉपिक प्रारूपही नेमका तेवढाच वेळ देते. दोन कारणे वेगळी करायची, तर गेज ०.८५ बारवर येताच व्हॉल्व्ह बंद करून काट्याकडे पाहावे. आतली हवा थंड झालेली असेल, तर ती भिंतीच्या उष्णतेने पुन्हा तापते आणि काटा वर चढू लागतो; उणे ७५ अंश खरे असतील, तर तो सुमारे १.९ बारपर्यंत जातो. काटा जागचा हलला नाही, तर हवा थंड झालीच नव्हती.