तिसऱ्या गाडीपर्यंत पोचतच नाही: स्प्रिंगच्या साखळीची कटऑफ फ्रिक्वेन्सी

डावीकडची मोटर बघा, बऱ्यापैकी जोरात चालू आहे, सेकंदाला जवळपास २ वेळा पुढे-मागे, दोन्ही बाजूंना २-२ सेंटीमीटर. तिला स्प्रिंगने जोडलेली पहिली गाडी जेमतेम अर्धा सेंटीमीटर हलतेय, दुसरी त्याच्याही पाव, आणि तिसरी हलतेय की नाही हे बघायला कॅमेरा जवळ न्यावा लागला. पुढच्या नऊ गाड्या जागच्या जागी. काही अडकलेलं नाहीये, खालून हवा चालू आहे, बोटाने हलका धक्का दिला तर गाडी निवांत सरकते.

हा एअर ट्रॅक आहे, म्हणजे छोटी छोटी भोकं असलेला पोकळ रूळ. भोकांतून हवा येते आणि गाड्या हवेच्या पातळ थरावर तरंगतात, त्यामुळे घर्षण जवळपास नाहीच. १२ गाड्या, प्रत्येक २०० ग्रॅमची, दोन गाड्यांमध्ये २५ सेंटीमीटर अंतर, आणि मधली प्रत्येक स्प्रिंग ५ न्यूटन प्रति मीटर. स्प्रिंगा आधीच थोड्या ताणून लावल्यात, नाहीतर गाड्या जवळ आल्या की स्प्रिंग ढिली पडते आणि मग सगळं गणितच बिघडतं. उजव्या टोकाला चुंबकाचा ब्रेक आहे, तिकडे पोचलेली लाट उलटी फिरून येऊ नये म्हणून.

आता मोटर अगदी हळू करूया, ०.४ हर्ट्झ. वरून बघा. गाड्यांवरचे लाल झेंडे एकामागोमाग एक झुकतायत आणि लाट सरळ चालत पलीकडे जातेय. एक पूर्ण लाट साधारण साडेबारा गाड्यांएवढी लांब आहे, म्हणजे शेजारच्या दोन गाड्यांच्या हालचालीत फार फरक नाही, फक्त २९ अंशांचा. इथे साखळी एखाद्या सलग लांब स्प्रिंगसारखीच वागते आणि लाटेचा वेग येतो सव्वा मीटर प्रति सेकंदच्या आसपास.

मोटर वाढवत नेली, १.५ हर्ट्झ. लाट अजून जातेय, पण शेजारच्या गाड्यांमधला फरक बघा, जवळजवळ १४१ अंश. एक निघाली की दुसरी परत यायच्या तयारीत. आणि मोटर चालू केल्यावर हालचाल टोकापर्यंत पोचायला किती वेळ लागतोय तेही बघा, ऊर्जा सरकण्याचा वेग ०.४२ मीटर प्रति सेकंदवर आलाय, म्हणजे आधीच्या तिसऱ्या हिश्श्यावर. साखळी तीच, स्प्रिंगा त्याच, फक्त फ्रिक्वेन्सी बदलली आणि वेग बदलला. यालाच डिस्पर्शन म्हणतात, आणि त्याचा नियम स्क्रीनवर आहे:

ω = 2√(k/m) · |sin(qa/2)|

यात ω म्हणजे रेडियन प्रति सेकंदात मोजलेली फ्रिक्वेन्सी, k स्प्रिंगचा ताठपणा, m गाडीचं वस्तुमान, आणि qa म्हणजे शेजारच्या दोन गाड्यांमधला तोच फेजचा फरक, जो तुम्ही आत्ता झेंड्यांवर बघितला. साइन १ च्या वर जात नाही, म्हणून फ्रिक्वेन्सीलाही छत आहे, तोच कटऑफ. आपल्या साखळीसाठी ते छत १० रेडियन प्रति सेकंद, म्हणजे १.५९ हर्ट्झ.

पुस्तकं बहुतेक इथेच थांबतात, साइन १ च्या वर जात नाही म्हणून. मला हे पुरेसं वाटत नाही. गाडीला काय होतंय ते बघायला पाहिजे.

हे १.५९ हर्ट्झचं फुटेज, चारपट स्लो केलंय. शेजारच्या गाड्या बरोबर उलट्या दिशेने चालल्यात. कुठलीही एक गाडी धरा. ती उजवीकडे १ सेंटीमीटर गेली तेव्हा तिच्या दोन्ही शेजारणी डावीकडे १ सेंटीमीटर गेल्यात, म्हणजे एक स्प्रिंग २ सेंटीमीटर ताणली आणि दुसरी २ सेंटीमीटर दाबली गेली. दोन्ही मिळून ४ सेंटीमीटरचा जोर, आणि तोही तिला मागे खेचणारा. सगळ्या गाड्या सारख्याच हलत असतील तर यापेक्षा जास्त जोर मिळूच शकत नाही, कारण शेजारीण पूर्ण उलटी गेली, आता अजून उलटी कुठे जाणार! जास्त जोर नाही म्हणजे जास्त वेगाने झुलणंही नाही. २√(k/m) मधला २ येतो तो या चारच्या वर्गमुळातून.

मग सुरुवातीला मोटर २ हर्ट्झवर होती तेव्हा पहिली गाडी २ हर्ट्झने हलत कशी होती? कमी का होईना, हलत तर होती ना. ते फुटेज परत लावूया, पण यावेळी स्प्रिंगांकडे बघा. गाडी उजवीकडे अर्धा सेंटीमीटर, मोटरचा दांडा त्याचवेळी डावीकडे २ सेंटीमीटर, म्हणजे डावी स्प्रिंग अडीच सेंटीमीटर ताणली. दुसरी गाडी डावीकडे सव्वा मिलिमीटर, म्हणजे उजवी स्प्रिंग ०.६२५ सेंटीमीटर दाबली. बेरीज ३.१२५, आणि गाडी स्वतः हललीय अर्धा, म्हणजे तिच्या हालचालीच्या सव्वासहा पट. चारपेक्षा जास्त! हा जादा जोर दिला तो तिच्यापेक्षा चौपट हलणाऱ्या शेजाऱ्याने. आणि तोच हिशोब दुसऱ्या गाडीला लावा, तिला पहिली गाडी चौपट हवी, तिसरीला दुसरी चौपट हवी. म्हणून दर गाडीला पाव, पाव, पाव. कटऑफच्या सव्वापट फ्रिक्वेन्सीला, जी इथे १.९९ हर्ट्झ येते, हे गुणोत्तर बरोबर चार पडतं.

बरं, हे घर्षणाने मरत नाहीये, हे ठासून सांगतो कारण बघणाऱ्याला पहिली शंका तीच येते. ओळखायचं कसं? घर्षणाने लाट विरते तेव्हा फेज गाडीगणिक मागे पडत जाते, आणि हवा कमी केली की विरणं वाढतं. इथे फेज सगळीकडे बरोबर उलटी, आणि हवा थोडी कमी-जास्त केली तरी पाव तो पावच राहतो. मोटर स्प्रिंगला जी ऊर्जा देते ती त्याच फेरीत परत येते, पूर्ण फेरीची बेरीज जवळपास शून्य. ऊर्जा संपत नाही, आत शिरतच नाही.

एक गोष्ट सांभाळावी लागते. मोटर एकदम सुरू केली तर वेगळंच दिसतं, सगळी साखळी हलायला लागते आणि वाटतं की कटऑफ वगैरे काही नाही. खरं म्हणजे त्या पहिल्या धक्क्यात हळू फ्रिक्वेन्सीही मिसळलेल्या असतात आणि त्या आरामात पुढे जातात. ब्रेकने त्या शोषेपर्यंत थांबायचं, मग मोजायचं. आणि साखळी दोन-तीनच गाड्यांची असेल तर कटऑफच्या वरही थोडं पलीकडे झिरपतंच, पाव म्हणजे शून्य नव्हे.

हेच गणित जुन्या टेलिफोन केबलला जसंच्या तसं लागू होतं, गाडीच्या जागी कॉइल आणि स्प्रिंगच्या जागी केबलची कपॅसिटन्स. दर ६००० फुटांवर ८८ मिलीहेन्रीची कॉइल बसवली की साधारण ३५०० हर्ट्झला कटऑफ येतो, बोलणं नीट जायचं पण पुढे त्याच तारांवरून डीएसएल इंटरनेट द्यायची वेळ आली तेव्हा त्या कॉइल काढाव्या लागल्या.