पोच मिळाली, नोंद गेली

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजच्या व्याख्यानासाठी मी तीन थरांचा विषय जाहीर केला आहे: पेज कॅश, मजकूर डिस्कवर उतरवून घ्या असे कर्नलला सांगणारा `fsync` हा कॉल आणि डिस्कच्या आतली लेखन-कॅश. परंतु त्याआधी एका पतसंस्थेची हकिगत सांगावी लागेल, कारण पोच मिळाली म्हणजे नोंद डिस्कवर गेली, असा जो आंधळा विश्वास आपल्या क्षेत्रातील पुष्कळशा मंडळींचा असतो, तो तिथे पैशांच्या रूपात उघडा पडला.

पिग्मी एजंट दिवसभर दुकानोदुकानी फिरून रक्कम गोळा करतो, संध्याकाळी शाखेत येऊन हातातले यंत्र सर्व्हरला जोडतो आणि नोंदी एकामागून एक चढतात. प्रत्येक नोंदीसाठी सर्व्हरवरचा पोस्टग्रेस हा डेटाबेस एक स्वतंत्र कमिट करतो, म्हणजे नोंद कायम करतो, यंत्राला पोच पाठवतो आणि पोच मिळताच यंत्र आपल्याकडची प्रत पुसून टाकते. एके दिवशी शेवटची नोंद चढली आणि त्याच क्षणी वीज गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच निकामी झालेली होती. ते आपल्याला नवीन नाही. वीज आल्यावर डेटाबेस निमूटपणे सुरू झाला, लॉगमध्ये तक्रार करावी असे काहीही नव्हते, पण शेवटच्या तीस-पस्तीस नोंदी कुठेच नव्हत्या. दुकानदारांकडे पावत्या होत्या, एजंटकडे रोख होती, यंत्र कोरे होते. संशय अर्थातच एजंटवर गेला.

त्या माणसाला वाचवले ते एका निरीक्षणाने: मधली एकही नोंद गेलेली नव्हती, फक्त शेपूट गेले होते. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी वॉल नावाच्या नोंदवहीत ओळीने लिहितो आणि अपघातानंतर ती वही वाचत पुढे सरकतो. जिथे पहिली अवैध नोंद लागेल, तिथे वही संपली असे समजून थांबतो. म्हणजे वहीचा शेवटचा भाग डिस्कवर पोहोचलाच नसेल, तर डेटाबेसच्या दृष्टीने काही बिघडलेलेच नसते. `invalid record length` हा संदेश अशा वेळी दिसतो खरा, पण काहीच हरवलेले नसते अशा अपघातानंतरच्या पुनरारंभातही तो दिसतो. हरवलेल्या नोंदीला हरवल्याची खूण नसते.

आता ती वही डिस्कवर का पोहोचली नाही? प्रोग्रॅमने `write()` केले की मजकूर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पेज कॅशमध्ये, म्हणजे मुख्य मेमरीतल्या चार केबीच्या पानांवर उतरतो आणि कॉल यशस्वी परततो. ही पाने लिनक्स सवडीने डिस्ककडे पाठवतो: रूढ मांडणीत त्याचा कामगार दर 5 सेकंदांनी जागा होतो आणि 30 सेकंदांहून जुनी झालेली पाने उचलतो. आवक-जावक विभागातल्या कारकुनाने अर्जावर शिक्का मारावा आणि अर्ज टेबलावरच ठेवावा, असा हा व्यवहार आहे. शिक्का खोटा नसतो, पण तो फक्त टेबलापुरता खरा असतो. इथे अनेकांची चाचणी फसते. ते चालू प्रोग्रॅमला `kill -9` देतात, नोंदी शाबूत दिसतात आणि समाधान होते. पण प्रोग्रॅम मेला तरी कर्नल जिवंत असतो आणि पेज कॅश त्याच्याकडे असते. त्या चाचणीने वीज जाण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

पोस्टग्रेस अर्थातच एवढ्यावर विसंबत नाही. कमिटची पोच देण्याआधी तो लिनक्सवर साधारणतः `fdatasync` हा `fsync`चा हलका भाऊ वापरून वही खाली ढकलायला लावतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. त्या सर्व्हरवर `fsync` चालू होते, `synchronous_commit` चालू होते. म्हणजे डेटाबेसने नियम पाळला होता. दोष त्याच्याही खाली होता.

डिस्कला स्वतःची छोटी मेमरी असते. आलेला मजकूर ती तिथे ठेवते, ‘लिहिले’ असे कर्नलला कळवते आणि चकतीवर आपल्या सोयीच्या क्रमाने उतरवते. त्यावर उपाय म्हणून कर्नल `fsync`च्या शेवटी डिस्कला कॅश रिकामी करण्याचा वेगळा हुकूम देतो. पण या सर्व्हरच्या `/etc/fstab`मध्ये, कोणीतरी संगणक जलद व्हावा म्हणून, ही ओळ लिहून ठेवली होती:

```
/dev/sda3  /var/lib/postgresql  ext4  defaults,barrier=0  0  2
```

`barrier=0` म्हटले की तो हुकूम जातच नाही. `fsync` यशस्वी परततो, पोच जाते, यंत्र प्रत पुसते, आणि नोंद विजेवर जगणाऱ्या त्या छोट्या मेमरीत वाट पाहत राहते.

हे पकडण्याची रीत मला फार प्रिय आहे, कारण तिला भागाकारापलीकडे काही लागत नाही. डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेणारी होती, म्हणजे सेकंदाला 120. वहीचे तेच शेवटचे पान पुन्हा लिहायचे तर चकतीची तीच जागा पुन्हा डिस्कच्या लेखन-शीर्षाखाली यावी लागते, म्हणून एका जोडणीवरून एकामागून एक खरे `fsync` केले, तर सेकंदाला सुमारे 120 ही मर्यादा ओलांडता येत नाही. पोस्टग्रेससोबत मिळणारी चाचणी चालवली:

```
pg_test_fsync -f /var/lib/postgresql/chachani
```

आकडा हजारांत आला. संचालकांना तो पाहून आनंद झाला. मला तो कबुलीजबाब वाटला. `barrier=0` काढल्यावर तो शंभराच्या आसपास उतरला. मात्र एक सावधगिरी बाळगा: अनेक जोडण्या असल्या की एका `fsync`मध्ये अनेक कमिट बसतात, तेव्हा कमिटचा आकडा 120च्या वर जाणे गैर नाही. शिवाय एसएसडीवर किंवा बॅटरीच्या आधाराने कॅश राखणाऱ्या RAID कार्डावर मोठा आकडा प्रामाणिक असू शकतो. वीज गेल्यावर कॅश उतरवण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर त्या एसएसडीत आहेत का, हे तिच्या माहितीपत्रकात पाहावे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, म्हणून जाहीर केलेल्या विषयाचा उरलेला भाग आता धावत्या गतीने उरकतो.

नवी फाइल तयार केली असेल, तर फाइलचे `fsync` पुरेसे समजू नये. तिचे नाव डिरेक्टरीत असते, म्हणून डिरेक्टरीही उघडून तिचेही `fsync` करावे. `rename` करून जुनी फाइल बदलतानाही तेच. मॅकवर साधे `fsync` डिस्कची कॅश रिकामी करवत नाही. तिथे `F_FULLFSYNC` मागावे लागते.

दुसरे, `fsync` अपयशी ठरले तर ते पुन्हा करून पाहण्यात अर्थ नाही. 2018 साली पोस्टग्रेसच्या विकासकांपुढे हे ठळकपणे आले: लेखन फसल्यावर लिनक्स ते पान ‘स्वच्छ’ ठरवू शकतो, चूक एकदा कळवतो, आणि दुसऱ्या `fsync`ला लिहिण्यासारखे काही उरलेलेच नसल्यामुळे ते यशस्वी होते. म्हणून 2019च्या सुधारणांपासून पोस्टग्रेस अशा वेळी स्वतःहून कोसळतो आणि वहीवरून पुन्हा उभा राहतो.

तिसरे, शेवटची खात्री प्लग उपटूनच होते. नोंदी पाठवणारा आणि मिळालेल्या पोचांची यादी ठेवणारा संगणक वेगळा असावा, लेखन चालू असताना सर्व्हरची वायर काढावी आणि नंतर यादी ताडून पाहावी. `reboot` देऊन ही चाचणी होत नाही, कारण त्यात डिस्कची वीज तुटत नाही आणि तिच्या कॅशमधला मजकूर निवांतपणे चकतीवर उतरतो.