रुंदी वरून येते, उंची खालून
(ठाण्यात नव्या डिझायनरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज फिग्मामधल्या ऑटो लेआउटबद्दल बोलायचं आहे, पण सगळ्या ऑटो लेआउटबद्दल नाही. फ्रेम निवडून Shift+A दाबलं की ऑटो लेआउट लागतो, हे इथे बहुतेकांना येतं. अडतं ते पुढे. मजकूर बदलला की बटण वाढतं, पण यादी वाढत नाही. किंवा यादी वाढते आणि बटण स्क्रीनच्या बाहेर जातं. असं का होतं, ते आज एका उदाहरणावर शेवटपर्यंत पाहू.

उदाहरण आपल्या भागातलंच घेऊ. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलचं तिकीट काढायची एक स्क्रीन आपण सरावासाठी करतो आहोत. स्क्रीनची रुंदी 360. तिच्यात यादी आहे: ठाणे ते ऐरोली, ठाणे ते रबाळे, ठाणे ते घणसोली, अशी वाशीपर्यंत. प्रत्येक ओळीत डावीकडे प्रवासाचं नाव, उजवीकडे बटण.

आधी एकटं बटण घ्या. आत मजकूर, बाहेर फ्रेम. मजकुराची सेटिंग Auto width, फ्रेमची दोन्ही दिशांना Hug contents. पॅडिंग डावी-उजवीकडे 16, वर-खाली 8. मजकूर 16 च्या आकारात आणि लाइन हाइट 24 असेल, तर बटणाची उंची 8 अधिक 24 अधिक 8, म्हणजे 40. रुंदी मात्र आपण कुठेच लिहिलेली नाही. इंग्रजी ‘Book’ साधारण 36 रुंद धरला, तर बटण 68 चं होतं. तिथे ‘परतीचे तिकीट काढा’ लिहिलं आणि तो मजकूर 132 रुंद भरला, तर बटण 164 चं. इथे मजकूर सांगतो आणि फ्रेम ऐकते.

आता हे बटण ओळीत ठेवा, की प्रश्न उभा राहतो. ओळीनेही मजकुराचं ऐकायचं का? नाही. तिने ऐकलं, तर प्रत्येक ओळ वेगळ्या रुंदीची होईल आणि उजवीकडची बटणं एका रेषेत राहणार नाहीत. ओळीने ऐकायचं ते स्क्रीनचं. म्हणून स्क्रीनवर दोन्ही बाजूंना 16 चं पॅडिंग, यादी Fill container, म्हणजे 328. यादीतली ओळही फिल, तीही 328. ओळीचं स्वतःचं पॅडिंग चारही बाजूंना 12, म्हणजे आत उरले 304. त्यातून बटणाचे 164 आणि मधली 12 ची जागा वजा केली, की नावाच्या वाट्याला 128 येतात. नावाचा मजकूरही फिल ठेवायचा, म्हणजे तो हे उरलेले 128 घेतो.

इतका वेळ आपण वरून खाली आलो: स्क्रीन, यादी, ओळ, नाव. बटण तेवढं आपली रुंदी स्वतः ठरवतं आणि नाव उरलेल्या जागेत बसतं. आता उलटं चला. ‘ठाणे ते कोपरखैरणे’ 128 मध्ये एका रेघेत मावत नाही. ‘कोपरखैरणे’ खाली उतरतं. दोन रेघांची उंची 48, बटणाची 40. जो उंच तो ओळीची उंची ठरवतो, म्हणून ओळ 12 अधिक 48 अधिक 12, म्हणजे 72. शेजारची ‘ठाणे ते वाशी’ एका रेघेत बसते. तिथे बटण उंच, म्हणून ती ओळ 64. यादीची उंचीही हग असेल, तर ती या सगळ्यांची बेरीज करून आपोआप लांब होते. रुंदी वरून येते, उंची खालून जाते. मधला एकही दुवा उलटा लागला, तर तिथून पुढचं सगळं बिघडतं.

हा दुवा बहुतेक वेळा आपल्या हातूनच, न कळत तुटतो. ओळीची खालची कड माउसने जराशी ओढली, की उंचीचं हग जाऊन Fixed होतं. मजकुराचा चौकोन खालून ओढला, तरी तेच. त्या क्षणी काहीही बिघडलेलं दिसत नाही, कारण आहे तो मजकूर त्या उंचीत मावतो. दोन रेघांचं नाव आलं, की अक्षरं ओळीच्या पॅडिंगमध्ये शिरतात, प्रसंगी ओळीबाहेरही जातात. दुसरी गोष्ट अजून फसवी आहे. पालक फ्रेम रुंदीला हग असताना आतल्या घटकाला फिल केलं, तर फिग्मा पालकाला फिक्स्ड करून टाकतं. ते बरोबरच आहे. पालक म्हणतो मी मुलाएवढा, मूल म्हणतं मी पालकाएवढा, मग आकडा कुठून आणायचा? पण आपल्याला वाटत असतं पालक अजून हगच आहे. म्हणून काही अडलं, की डोळ्यांनी अंदाज बांधू नका. सगळ्यात आतल्या मजकुरापासून सुरुवात करा, एकेक थर बाहेर या, आणि उजव्या पॅनेलमध्ये W आणि H समोर काय लिहिलंय ते वाचा. या यादीत नाव, ओळ आणि यादी यांच्या H समोर कुठेही फिक्स्ड दिसलं, की दोष सापडला.

मराठीसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायलाच हव्यात, कारण बरीचशी फाइल इंग्रजी मजकुरावर बेतलेली असते. 16 च्या अक्षराला 20 ची लाइन हाइट इंग्रजीत चालून जाते. मराठीत वरच्या रेघेतला उकार आणि खालच्या रेघेतली वेलांटी किंवा रफार एकमेकांना भिडतात. 24 ठेवा. हग नीट लागलेला असेल, तर हा बदल एका ठिकाणी करूनही सगळ्या ओळी आपापल्या जागा सावरतात. दुसरं, Vertical trim मध्ये Cap height to baseline निवडू नका. ते माप रोमन कॅपिटल अक्षराचं आहे. आपल्या मात्रा शिरोरेषेच्या वर असतात, उकार खाली. हे सगळं त्या मापाबाहेर राहतं आणि बटणाचं पॅडिंग खाऊन टाकतं.

बटण उलट बाजूनेही फसतं. ‘हो’ एवढंच लिहिलं तर ते अगदी चिंचोळं होतं. तिथे Min width 96 द्या आणि मजकूर मध्यावर ठेवा. हग तसाच राहतो, फक्त त्याला खालची मर्यादा मिळते.

12 जानेवारी 2024 ला या मार्गावर ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव स्थानक सुरू झालं. आपल्या यादीत ते घालायचं, तर ऐरोलीची ओळ निवडून Ctrl+D, मॅकवर Cmd+D, नाव बदलायचं आणि बाणाच्या बटणाने एक जागा वर न्यायचं. यादी 64 अधिक मधली जागा 8, म्हणजे 72 ने लांबते. खालचं काही हाताने सरकवावं लागत नाही.

आता याची हद्दही पाहा. रुंदी 360 वरून 320 केली, तर नावाला 128 ऐवजी 88 च उरतात. ‘कोपरखैरणे’ हा मध्ये जागा नसलेला एक शब्द आहे. मजकूर थोडा मोठा केला, की तो 88 मध्येही मावत नाही आणि मधूनच तुटतो. तिथे Truncate text लावून तीन टिंबं आणायचा मोह होतो. स्थानकाच्या नावाला ते करू नका. कुठलं तिकीट काढतोय हेच प्रवाशाला वाचता येणार नाही. अशा वेळी ओळीची दिशाच बदलायची: आडवी होती ती उभी, नाव वर, बटण खाली, आणि बटणाची रुंदी हगऐवजी फिल. हा ओळीचा दुसरा व्हेरिएंट म्हणून कंपोनंटमध्येच ठेवा. पूर्ण ओळ मिळाल्यावर नावाला 320 च्या स्क्रीनवरही 264 मिळतात, आणि त्यात ‘ठाणे ते कोपरखैरणे’ एका रेघेत आरामात बसतं.