टिण, टण, डुबुक : एका पानाचं मराठी

(दृश्य : सोलापूरचा पूर्व भाग. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना यंत्रमागांचे कारखाने. मागांचा आवाज. कॅमेरा एका उघड्या दारातून बालवाडीच्या खोलीत जातो.)

निवेदन :
भिंतीपलीकडे टॉवेल विणले जातायत, भिंतीअलीकडे बालवाडी भरलीय. माग कसा वाजतो, असं इथल्या कुठल्याही मुलाला विचारा. "खटाक-खट, खटाक-खट," असं उत्तर लगेच येतं, आणि सगळ्यांचं एकाच तालात. हा आवाज त्यांना कुणी शिकवलेला नाही.

या खोलीत मी एक कागद घेऊन आले. एका इंग्रजी चित्रपुस्तकातलं एक पान मराठीत करायचं होतं. मुलांनी स्वतः वाचण्यासाठी नाही, बाईंनी मोठ्यानं वाचून दाखवण्यासाठी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्वतः वाचणाऱ्या पोराला जोडाक्षर अडवतं. ऐकणाऱ्याला जोडाक्षर दिसतच नाही, त्याला लांबलेलं वाक्य अडवतं.

(दृश्य : चित्राचं पान जवळून. रात्र. पत्र्याचं घर. छताला तीन ठिकाणी गळती. खाली वाटी, पातेलं, बादली. कोपऱ्यात झोपलेलं मांजर. आजीच्या मांडीवर मुलगा.)

निवेदन :
पानावर गोष्ट एवढीच : बाहेर पाऊस आहे आणि घर गळतंय. आधी थेंब वाटीत पडतात, मग पातेल्यात, मग बादलीत. प्रत्येक वेळी मुलगा विचारतो, पाऊस थांबला का? आजी प्रत्येक वेळी म्हणते, "नॉट येट." थेंबाचा आवाज तिन्ही ठिकाणी एकच आहे : ड्रिप, ड्रिप, ड्रिप. आणि पान उलटण्याआधी एक थेंब मांजराच्या नाकावर पडतो.

माझा पहिला मसुदा असा होता.

(दृश्य : वहीतलं हस्ताक्षर. निवेदिका सपाट आवाजात वाचते.)

"छपरातून पाणी टपकत होते आणि ते वाटीमध्ये पडत होते. 'पाऊस थांबला आहे का?' असे त्याने आजीला विचारले. 'अजून नाही,' असे आजी म्हणाली."

यात अर्थ एक कणही सांडलेला नाही. पण बाईंनी वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला मुलं खिडकीबाहेर बघायला लागली. बाई म्हणाल्या, "ताई, यात थेंब कुठाय? मला काही वाजवायलाच मिळत नाहीये."

त्यांचं म्हणणं मला घरी आल्यावर नीट कळलं. मी "टपकत होते" लिहिलं होतं. आवाज क्रियापदात विरघळून गेला होता. टप हा शब्द एकटा उभा असला की तो वाजतो. टपकणे झालं की तो नुसती माहिती देतो. शिवाय "असे विचारले", "असे म्हणाली" हे मोठ्यानं वाचताना लागतच नाही, कारण विचारणाऱ्याचा आवाज आणि आजीचा आवाज बाई वेगळा काढतातच.

म्हणून पहिलं काम केलं ते वाक्य मोडायचं. आवाज एका ओळीत, घटना दुसऱ्या ओळीत, प्रश्न तिसऱ्या ओळीत. एका ओळीला एक श्वास.

(दृश्य : स्वयंपाकघर. नळाखाली रिकामी स्टीलची वाटी. थेंब पडतात. फक्त त्यांचाच आवाज.)

निवेदन :
आता आवाज कोणता घ्यायचा? मराठीत पाण्याचे आवाज पुष्कळ आहेत आणि मोह आवरत नाही. मीही एकदा रिमझिम, सरसर, टपटप असं सगळं एकाच पानात घालून बसले होते. पण रिमझिम म्हणजे बाहेरची हलकी, आवडती सर. रिपरिप म्हणजे कंटाळा आणणारी. धो धो म्हणजे कोसळणारा पाऊस. यातलं एकही घरातल्या गळतीला चालत नाही.

उरला टप. त्याचीही रूपं वेगळी. टपकन म्हणजे अचानक, एकदाच. टपटप म्हणजे एकामागून एक. टपाटप म्हणजे घाईनं, भरभर. गळणारा पत्रा घाई करत नाही. दोन थेंबांच्या मध्ये तो वाट बघायला लावतो. म्हणून मी "टपटपटप" असं एकत्र न लिहिता तीन वेळा लिहिलं आणि प्रत्येकापुढे पूर्णविराम दिला : टप. टप. टप. मूळ पानावर स्वल्पविराम होते. पण स्वल्पविराम बघून बाई पळत होत्या. पूर्णविराम बघून थांबल्या. आमच्या डोळ्यांना जी खूण थांबवते, तीच खूण घ्यावी लागली.

तिन्ही भांड्यांना मी टप ठेवला. मुळातही आवाज एकच होता, आणि पुन्हा पुन्हा येणारं तसंच ठेवायचं असं मी ठरवलं होतं.

(दृश्य : बालवाडी. बाई पुस्तक मुलांकडे वळवून धरतात.)

निवेदन :
दुसऱ्या वाचनाला मुलं सोबत म्हणू लागली. मी खूश होते. बाई बादलीपर्यंत आल्या. चित्रातली बादली काठोकाठ भरलेली आहे. पुढच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, बादली भरलीय की. आता टप कसं वाजंल?"

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. आलं की घरातली प्रत्येक घागर, प्रत्येक बादली भरून ठेवायची असते, आणि त्या धावपळीत पोरंही असतात. भांडं किती भरलं हे त्यांना न बघता कळतं. रिकामी घागर खणखणते, भरत आली की तिचा आवाज बदलतो. तिनं मला जे सांगितलं, ते तिच्या रोजच्या कानांचं होतं.

म्हणून मी नळाखाली भांडी लावून बसले. स्टीलची रिकामी वाटी : टिण. मोठं पातेलं : टण. वाटीत बोटभर पाणी साठलं की टिण संपतं, कारण थेंब आता धातूवर पडत नाही, पाण्यावर पडतो. आणि भरलेल्या बादलीत, थेंब जरा उंचावरून पडला की, डुबुक.

मग प्रश्न उभा राहिला. मुळातला एकच आवाज सोडून मी तीन आवाज घेतले, तर पुन्हा पुन्हा येणारं मोडलं का? मला वाटतं, नाही. कारण साचा तसाच राहिला : आवाज तीनदा, मग "पाणी पडलं", मग भांडं, मग प्रश्न. साचा पक्का असला की त्यातली एक जागा बदलता येते. उलट मुलं आता चित्राकडे बघून आधीच आवाज ओळखू लागली. टिण आणि टण यांच्यात फरक फक्त एका वेलांटीचा आहे, तरी लहान भांडं आणि मोठं भांडं तेवढ्यात कळतं. सगळ्या जागा एकदम बदलल्या असत्या, तर मात्र कुणालाच सोबत म्हणता आलं नसतं.

भांड्यांच्या नावाचंही एक झालं. मी लिहिलं होतं पातेलं. अर्ध्या वर्गानं त्याला भगुणं म्हटलं. छापायला पातेलं ठेवलंय, पण बाई भगुण्यात म्हणतात. ओळ तेवढीच राहते, ताल बिघडत नाही, तर म्हणू द्यावं.

(दृश्य : मुलांचे चेहरे, एकेक. भिंतीपलीकडून माग ऐकू येतो.)

निवेदन :
सगळ्यात जास्त वेळ गेला तो आजीच्या उत्तराला. "अजून नाही" हे बरोबर भाषांतर आहे. पण मुलं तिथं गप्प व्हायची. प्रश्न होता "थांबला का?" आणि उत्तर अगदी वेगळ्याच शब्दांचं, म्हणजे ते वेगळं पाठ करावं लागायचं. या भागात बऱ्याच घरी तेलुगू बोलतात, काही घरी कन्नड. पावसाला तेलुगूत वान म्हणतात, कन्नडमध्ये मळे. ज्या पोराचं मराठी बालवाडीतच सुरू झालंय, त्याला उत्तर प्रश्नातच सापडायला हवं.

मग एकदा बाईंनीच, कागदाकडे न बघता, आजीच्या आवाजात म्हटलं : "नाही थांबला."

तेच ते होतं. थांबला का? नाही थांबला. प्रश्नातला शब्द उचलायचा आणि त्याच्या आधी "नाही" लावायचं. मागच्या रांगेत एक मुलगा बसतो, घरी तेलुगू बोलणारा, तोपर्यंत त्यानं तोंड उघडलं नव्हतं. वाटीला तो गप्प होता. पातेल्याला त्याचे ओठ हलले. बादलीला "नाही थांबला" हे सगळ्यांत मोठ्यानं त्याचंच होतं.

(दृश्य : मांजराचं चित्र. बाईंचं बोट पानाच्या कोपऱ्यावर.)

निवेदन :
राहिलं मांजर. मी लिहिलं होतं : "मनीच्या नाकावर एक थेंब पडला." मुलं "नाकावर" ऐकताच हसली, आणि "एक थेंब पडला" हे त्या हसण्याखाली वाहून गेलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे गंमत वाक्याच्या सुरुवातीलाच फुटली. पण आपण बोलताना असं थोडंच बोलतो? "गेला की तो, मुंबईला," असं म्हणतोच. क्रियापद पुढे घ्यायचं आणि राखून ठेवलेला शब्द शेवटी टाकायचा. म्हणून : "एक थेंब पडला... मनीच्या नाकावर!" आणि या ओळीला आवाजाचा शब्द दिलाच नाही. तो पान उलटल्यावर मनी स्वतः देते.

आता पूर्ण पान, बाईंच्या आवाजात.

(दृश्य : निवेदन थांबतं. बाई वाचतात, मुलं साथ देतात.)

बाहेर पाऊस. आत पण पाऊस.

टिण. टिण. टिण.
पाणी पडलं वाटीत.
"आजी, थांबला का?"
"नाही थांबला."

टण. टण. टण.
पाणी पडलं पातेल्यात.
"आजी, थांबला का?"
"नाही थांबला."

डुबुक. डुबुक. डुबुक.
पाणी पडलं बादलीत.
"आजी, थांबला का?"
"नाही थांबला."

आणि एक थेंब पडला...
मनीच्या नाकावर!

(दृश्य : पान उलटतं. "म्यांऽऽव!" मुलं ओरडतात.)

निवेदन :
पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पाऊस थांबतो. मुळात तिथं आजी "येस" म्हणते. आम्ही "हो, थांबला" असं करून पाहिलं, तर मुलांचा ताल चुकला. त्यांनी तीनदा म्हटलेल्या ओळीतून फक्त "नाही" काढून टाकलं, तेव्हा जमलं. त्याखाली मुळात एकच ड्रिप आहे, पत्र्याला चिकटून राहिलेला शेवटचा थेंब. चित्रात तो भरलेल्या बादलीवर लोंबतोय. म्हणून तो कसा वाजणार हे आता ठरलेलं होतं.

(दृश्य : शेवटचं पान. बाई अगदी हळू आवाजात वाचतात. माग चालूच आहेत.)

"आजी, थांबला का?"
"थांबला."

डुबुक.